लुटुपुटीची लढाई

किल्ला झाला का बांधून? अंगणात असो, गॅलरीत असो, की जिन्याखालच्या कोपऱ्यात असो. दगडविटांवर पोती टाकून आणि चिखल लिंपून केलेला किल्ला असल्याशिवाय दिवाळी ती कसली! बुरूज उभे राहिले, अळीव पेरून हिरवळ उगवली, दरवाजावर मावळे उभे केले, म्हणजे किल्ला पुरा झाला.

पण मुलांनो, त्या मावळ्यांची एक अडचण तुमच्या ध्यानात आली आहे का? ते जागे आहेत, शूर आहेत, हातात भालेही आहेत. परंतु शत्रू दिसतो कसा, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही! दूधवाली गवळण आणि वेष पालटून आलेला शत्रू त्यांना सारखाच. नुसते जागे राहून किल्ला राखता येत नाही. माणूस ओळखता आला पाहिजे.

तुमच्याआमच्या शरीराच्या किल्ल्याची अडचण नेमकी हीच असते. तिथे मावळे उदंड आहेत. पण नव्या शत्रूची ओळख त्यांना जन्मतः नसते. ती करून द्यावी लागते. ती करून देण्याची युक्ती म्हणजे लस. ही युक्ती कशी चालते, ते आज आपण गोवराच्या लसीच्या उदाहरणावरून पाहू.

आधी एक काम करा. आईला कपाटातून तुमच्या लसीकरणाचे कार्ड काढायला सांगा. त्यात ‘एमआर’ किंवा ‘एमएमआर’ अशी अक्षरे शोधा. यातला पहिला ‘एम’ म्हणजे गोवर. सरकारी दवाखान्यात लस घेतली असेल, तर दोन नोंदी सापडतील. एक, वयाचे नऊ महिने पुरे झाल्यानंतरची; आणि दुसरी, सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानची. खाजगी दवाखान्यात कदाचित तीनही असतील. लस तीच, मात्राही तीच: अर्धा मिलिलिटर. मग एकच लस पुन्हा का टोचली?

“पहिल्या लसीचा जोर ओसरतो, म्हणून दुसरी!” असे तुम्ही चटकन म्हणाल. मोठी माणसेही असेच म्हणतात. पण गोवराच्या बाबतीत हे उत्तर चुकीचे आहे. बरोबर उत्तर त्याहून मजेदार आहे, आणि ते कळण्यासाठी आधी एक लांबचा प्रवास करावा लागेल.

पासष्ट वर्षांची आठवण

युरोपच्या उत्तरेला, समुद्राच्या मध्यावर फॅरो नावाची बेटे आहेत. बेटांवर मेंढ्या पुष्कळ, माणसे थोडी. १८४६ साली तिथे सात हजारांहून अधिक वस्ती होती. त्या वर्षी वसंत ऋतूत कोपनहेगनहून एक सुतार जहाजाने तिथे आला. येताना तो गोवर घेऊन आला होता. अर्थात त्याला ते ठाऊक नव्हते. पुढच्या काही महिन्यांत त्या सात हजारांपैकी सुमारे सहा हजार माणसे गोवराने अंथरुणाला खिळली. मुलेच नव्हे, तर आईबाप आणि आजीआजोबासुद्धा!

डेन्मार्कच्या सरकारने चौकशीसाठी पीटर लुडविग पानुम नावाचा एक तरुण डॉक्टर पाठवला. पंचविशीतला हा मुलगा बेटामागून बेट आणि घरामागून घर पालथे घालू लागला. कोण कोणत्या तारखेला कोणाला भेटले, आणि कितव्या दिवशी अंगावर पुरळ उठले, हे तो वहीत टिपून ठेवी. त्याला दोन गोष्टी आढळल्या.

पहिली अशी की, रोग्याशी गाठ पडल्यापासून तेराव्या-चौदाव्या दिवशी पुरळ उठते. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची. बेटांवरचे काही अगदी वृद्ध लोक आजारी पडले नव्हते. घरात सगळे फणफणलेले, आणि आजोबा मात्र ठणठणीत! पानुमने विचारपूस केली, तेव्हा उलगडा झाला. त्याआधी १७८१ साली बेटांवर एकदा गोवराची साथ आली होती, आणि हे वृद्ध लोक लहानपणी त्या साथीत आजारी पडून बरे झाले होते. मधल्या पासष्ट वर्षांत बेटांवर गोवर फिरकलाच नव्हता. म्हणजे उजळणी करायला संधीच मिळाली नव्हती. तरीही त्यांच्या शरीराने लहानपणी एकदाच पाहिलेला शत्रू पासष्ट वर्षांनी अचूक ओळखला. आणि जे म्हातारे १७८१ साली गोवराच्या तावडीतून सुटले होते, त्यांना या खेपेला तो झाला.

आजोबांना कदाचित काल काय जेवलो ते आठवत नसेल. पण त्यांच्या शरीराला बालपणीचा गोवर आठवत होता! ही आठवण मेंदूत नसते. मग ती असते कुठे?

लाखांतला एक

आकृती १ पाहा. उजव्या दंडावर, अगदी कातडीखाली लस टोचली आहे. लसीच्या त्या थेंबात निदान हजारभर जिवंत, पण दुबळे केलेले गोवराचे विषाणू आहेत. ते दुबळे कसे केले, ते मागाहून सांगतो.

[आकृती १: दंड, खांदा आणि काख. दंडावर सुई टोचलेली जागा. तिथून काखेतल्या घेवड्याच्या दाण्यासारख्या गाठीपर्यंत गेलेला बाण.]

कातडीखाली काही पहारेकरी पेशी सतत गस्त घालीत असतात. परका कोणी दिसला, की त्या त्याला पकडतात, त्याचे तुकडे करतात, आणि ते तुकडे आपल्या अंगाबाहेर, जणू पताकेसारखे टांगून जवळच्या चावडीकडे धाव घेतात. ही चावडी म्हणजे काखेतली छोटी गाठ. शास्त्रीय भाषेत तिला लसीका ग्रंथी म्हणतात. घसा दुखला, की जबड्याखाली दुखरी गाठ हाताला लागते ना? तीही अशीच एक चावडी. आत पंचायत भरली म्हणून ती सुजलेली असते.

चावडीत पांढऱ्या पेशींची ही गर्दी असते. या पेशी म्हणजे आपले मावळे. पण त्यांच्यात एक विलक्षण गोष्ट आहे. प्रत्येकाजवळ कुलूप एकच, आणि प्रत्येकाचे कुलूप वेगळे! त्या कुलपात बसणारी किल्ली ज्या शत्रूजवळ असेल, तेवढाच शत्रू त्या मावळ्याला ओळखता येतो. बाकीचे त्याच्या खिजगणतीतही नसतात. ही कुलपे शत्रू येण्याच्या आधीच, आंधळेपणाने, कोट्यवधी तऱ्हांची घडवलेली असतात. त्यामुळे कोणताही शत्रू आला, तरी त्याची किल्ली बसेल असा एखादा मावळा लाखांत सापडतोच. पण लाखांत एखादाच! आणि तो आयुष्यभर रिकामा बसून आपल्या पाळीची वाट पाहत असतो.

पहारेकरी पेशी ते विषाणूचे तुकडे घेऊन या गर्दीतून फिरते. एकामागून एक मावळे जवळ येतात, कुलूप लावून बघतात, बसत नाही म्हणून पुढे जातात. अखेर एकाचे कुलूप बसते. खट्! आणि तो रिकामटेकडा मावळा जागा होतो.

जागा झाल्यावर तो काय करतो? लढायला धावतो का? नाही. तो आधी आपल्यासारखे आणखी मावळे तयार करतो. एकाचे दोन, दोनांचे चार, चारांचे आठ. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण धरू, की दिवसातून दोनदा दुप्पट होते. वही घेऊन मांडून बघा. पाच दिवसांत दहा वेळा दुप्पट झाली, म्हणजे एकाचे १०२४ झाले. सात दिवसांत १६,३८४! एका आठवड्यात एका मावळ्याची फौज उभी राहिली.

[आकृती २: एक, दोन, चार, आठ असे वाढत जाणारे मावळे. सर्वांच्या छातीवर एकच कुलूप.]

या फौजेत दोन मोठ्या तुकड्या असतात. एक तुकडी अशी, की विषाणू घुसलेली आपलीच पेशी हुडकून ती नष्ट करते; कारण विषाणू पेशीच्या आत दडला, की त्याला बाहेरून हात लावता येत नाही. दुसरी तुकडी प्रतिपिंडे बनवते. प्रतिपिंड म्हणजे त्या मावळ्याच्या कुलपाचीच सुटी नक्कल. ही कुलपे रक्तात सोडली जातात, विषाणूच्या अंगाला चिकटतात, आणि त्याची किल्लीच झाकून टाकतात. मग त्या विषाणूला पेशीचे दार उघडता येत नाही.

लढाई संपली, की यांतले बहुतेक मावळे मरून जातात. एवढी फौज कायम पोसणे कोणत्याही किल्ल्याला परवडायचे नाही. पण थोडे मागे ठेवले जातात. काही हाडांच्या पोकळीतल्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षे थोडीथोडी प्रतिपिंडे रक्तात सोडत राहतात. काही चावडीचावडीतून फिरत राहतात. फॅरो बेटांवरच्या आजोबांची आठवण इथे होती. त्यांच्या हाडांच्या मगजात आणि त्यांच्या अंगातल्या गाठींत!

चेहरा तोच, धार गेलेली

आता तुम्ही विचाराल, की लसीतले विषाणू जर जिवंत आहेत, तर गोवरच का होत नाही?

१९५४ साली अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ आली. थॉमस पीबल्स नावाचे एक डॉक्टर तिथे गेले आणि आजारी मुलांच्या घशातला स्राव व रक्त घेऊन आले. त्यांतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाच्या नमुन्यातून त्यांना गोवराचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवता आला. मुलाचे नाव होते डेव्हिड एडमन्स्टन. पीबल्स यांचे वरिष्ठ जॉन एंडर्स यांनी हा विषाणू हाती घेऊन त्याला एक वेगळाच वनवास घडवला. आधी त्यांनी तो माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवला. मग गर्भावरणाच्या पेशींवर. मग कोंबडीच्या अंड्यात, आणि पुढे अंड्यातल्या पिलाच्या पेशींवर. एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असे कितीतरी वेळा.

याने झाले काय? एखादा घरफोड्या पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिला, तर तिथल्या कड्याकोयंडे उघडण्यात तो तरबेज होतो आणि आपल्या गावची कुलपे उघडण्याची कला विसरतो. तसेच या विषाणूचे झाले. कोंबडीच्या पेशींत वाढायला तो सरावला. माणसाच्या शरीरात मात्र त्याला धड वाढता येईना. पण त्याचा चेहरा तोच राहिला! अंगावरच्या खुणा, म्हणजे मघा सांगितलेली किल्ली, जवळजवळ जशीच्या तशीच होती. मावळ्यांना शिकवायला हवा तो गुरू मिळाला: चेहऱ्याने शत्रू, पण धार गेलेला.

तालमीत फरीगदगा खेळताना उस्ताद लाकडी तलवार देतो. तलवार पोलादी असेल, तर शिकणाऱ्याचाच हात कापला जाईल. आणि कागदाची असेल, तर खेळणारा काही शिकणारच नाही. लसीचेही असेच आहे. १९६३ साली अमेरिकेत जी पहिली जिवंत लस निघाली, तिची धार थोडी जास्तच राहिली होती. पुष्कळ मुलांना तिने चांगलाच ताप येई. म्हणून त्या विषाणूला आणखी मवाळ करण्यात आले. आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या गोवराच्या लसीत याच एडमन्स्टन घराण्याचा, पुढे झाग्रेब शहरात आणखी निवळलेला विषाणू असतो.

लस घेतल्यावर सात ते बारा दिवसांनी काही बाळांना थोडा ताप येतो, क्वचित अंगावर फिकट पुरळही दिसते. आई घाबरते आणि म्हणते, “लस तर आठवड्यामागे टोचली, आज ताप कसा?” मघाचा हिशेब आठवा. फौज उभी राहायला आठवडा लागतो ना? लुटुपुटीच्या लढाईची ती धामधूम असते. बहुधा दोन-तीन दिवसांत सारे निवळते. ताप फार चढला किंवा लांबला, तर अर्थात डॉक्टरांना दाखवावे.

तेरा दिवसांची शर्यत

आता खरी लढाई पाहू. समजा, एकाच वर्गात बंडू आणि बेबी आहेत. बेबीने लस घेतली आहे, बंडूने नाही. वर्गात गोवराचा एक रोगी येऊन खोकून गेला. तो निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत तरंगत राहू शकतो. दोघांच्याही श्वासावाटे तो आत शिरला.

बंडूच्या शरीरात कुलूप बसणारे मावळे लाखांत एखादे. पहारेकऱ्यांनी खबर न्यायची, योग्य मावळा सापडायचा, मग एकाचे दोन, दोनांचे चार. तेवढ्यात विषाणू स्वस्थ बसलेला नसतो. तोही वाढत असतो, आणि तो तर आधीच अंगभर पसरला. दहाव्या दिवसाच्या सुमारास ताप, खोकला, लाल डोळे. आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास पुरळ. पानुमचा आकडा तो हाच. गंमत अशी, की ते पुरळ म्हणजे बंडूच्या फौजेने उशिरा चढवलेला हल्ला असतो. कातडीतल्या विषाणूग्रस्त पेशींवर मावळे तुटून पडतात, म्हणून अंग लाल होते. बंडूची फौज बहुधा जिंकते. पण लढाई घरभर झालेली असते. कुणाला न्यूमोनिया होतो, कुणाच्या कानाला इजा पोचते, क्वचित मेंदूला सूज येते. लहान आणि अशक्त मुले दगावतातही.

बेबीच्या शरीरात काय घडते? आधी दारातच रक्तातली तयार प्रतिपिंडे विषाणूंना अडवतात. त्यांतूनही काही निसटले, तर पुढे ओळखीचे मावळे उभे. हिशेबापुरते असे धरू, की ते एकाऐवजी शंभर आहेत. दिवसातून दोनदा दुप्पट या वेगाने शंभरांचे १२,८०० व्हायला किती दिवस लागतील? साडेतीन! शिवाय हे मावळे शिकलेले असल्यामुळे चटकन जागे होतात. विषाणूला हातपाय पसरायला वेळच मिळत नाही. बेबी दुसऱ्या दिवशी शाळेत जाते, आणि आपल्या अंगात लढाई होऊन गेली, हे तिला कधी कळतही नाही.

[आकृती ३: दोन आलेख. बंडूचा: विषाणूची रेघ आधी चढते, फौजेची मागून. बेबीचा: फौजेची रेघ आधी चढते, विषाणूची जमिनीलगतच राहते.]

शंभर बाळांचा हिशेब

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आठवण जर पासष्ट वर्षे टिकते, तर लस दोनदा का?

बाळ पोटात असताना आई त्याला आपली प्रतिपिंडे देते. जन्मानंतर काही महिने तीच बाळाची राखण करतात, आणि मग हळूहळू विरत जातात. ही आईची माया. पण लसीच्या बाबतीत ती आडवी येते! लसीतला दुबळा विषाणू अंगात शिरला, की आईची उरलीसुरली प्रतिपिंडे त्याला तिथल्या तिथे गारद करतात. बाळाच्या मावळ्यांना तो भेटतच नाही. तालमीत उस्ताद आला, पण मुलाच्या काळजीपोटी आजीने त्याला दारातूनच परत पाठवले, तर मुलगा शिकणार काय?

म्हणून लस फार लवकर देऊन चालत नाही. आणि फार उशीर केला, तर आईची माया विरून गेलेली आणि स्वतःची फौज नाही, अशा उघड्या दारातून खरा गोवर शिरतो. आपल्या देशात यातून नऊ महिन्यांचा सुवर्णमध्य काढला आहे. त्या वयात शंभर बाळांना लस दिली, तर सुमारे पंच्याऐंशी शिकतात आणि पंधरा कोरी राहतात. ती कोरी राहिलेली बाहेरून ओळखता येत नाहीत. म्हणून दीड वर्षाच्या सुमारास, आईची प्रतिपिंडे पुरती संपल्यावर, शंभरांनाही पुन्हा लस देतात. पंधरांपैकी तेराचौदा या खेपेला शिकून जातात. म्हणजे गोवराची दुसरी लस ही मुख्यतः उजळणी नव्हे. पहिल्या परीक्षेत राहिलेल्यांसाठी घेतलेली ती फेरपरीक्षा आहे!

सगळ्याच लसींचे असे नसते, बरे का. दहाव्या वर्षी तुम्हाला टीडीची लस मिळते. त्यातला ‘टी’ म्हणजे धनुर्वात. त्या लसीत जिवंत काही नसते, नुसते निर्विष केलेले विष असते. ते अंगात वाढत नाही, त्यामुळे धडा लहान होतो आणि आठवण हळूहळू पुसट होते. तिथे मात्र खरोखरच उजळणी लागते.

पण शंभरांत पंधरा राहिली, तर एवढे काय बिघडले? बघा. गोवराचा एक रोगी, आजूबाजूला सगळेच कोरे असतील, तर बारा ते अठरा जणांना रोग देतो. अठरा धरू. शंभरांत पंच्याऐंशी शिकलेले असतील, तर त्या अठरांपैकी सुमारे तीन कोरे निघतील. एकाचे तीन, तिघांचे नऊ, नवांचे सत्तावीस. साथ वाढतच जाणार. आता शंभरांत पंच्याण्णव शिकलेले आहेत असे धरा. अठरांपैकी कोरा निघेल सरासरी एकाहून कमी. साखळी तुटली! पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव यांत पाहायला गेले तर दहाचाच फरक. पण एकात साथ पेटते आणि दुसऱ्यात विझते.

हा फरक मुंबईने २०२२ साली भोगला. करोनाच्या काळात पुष्कळ मुलांच्या लसी चुकल्या होत्या. त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी गोवंडीसारख्या दाट वस्तीत गोवर पेटला आणि काही बालके दगावली. नऊ महिन्यांच्या आतली, म्हणजे अजून लसीची पाळीच न आलेली बाळेही त्यात सापडली. तेव्हा साथीच्या भागात सहा महिन्यांपासूनच एक जादा लस देण्याचे ठरले. तिला ‘शून्य मात्रा’ म्हणत. शून्य अशासाठी, की आईच्या प्रतिपिंडांमुळे तिचा भरवसा कमी. ती दिली, तरी पुढच्या दोन्ही लसी घ्यायच्याच.

काही मुलांना ही लस देताच येत नाही. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या मुलाची फौज इतकी क्षीण असते, की लाकडी तलवारही त्याला जखमी करील. त्याचे आणि सहा महिन्यांच्या बाळाचे रक्षण बाकीच्या पंच्याण्णवांनीच करायचे.

बाटलीवरचा चौकोन

उस्ताद जिवंत हवा, हे आपण पाहिले. पण गोवराचा विषाणू उष्णतेला फार भितो. लस उन्हात राहिली, तर त्यातले विषाणू मरतात. मग टोचले काय, न टोचले काय. सुई दुखते तेवढीच, धडा काहीच मिळत नाही. यात फसवणूक अशी, की मेलेली लस दिसायला अगदी जिवंत लसीसारखीच असते.

म्हणून कोरड्या भुकटीच्या बाटलीवर एक खूण छापलेली असते: जांभळट वर्तुळ, आणि त्याच्या पोटात फिकट चौकोन. जसजशी उष्णता लागत जाते, तसतसा चौकोन गडद होत जातो, आणि पुन्हा कधीच फिका होत नाही. चौकोन वर्तुळापेक्षा फिका आहे, तोवर उष्णतेच्या बाबतीत लस ठीक. दोन्ही सारखे झाले किंवा चौकोन अधिक गडद झाला, की ती बाटली बाद. भुकटीत पाणी मिसळल्यावर तर ही खूणही उपयोगी नाही; मग घड्याळ लावून चार तासांच्या आत, तीही थंड ठेवून, लस संपवावी लागते. उरली ती टाकून द्यायची. परिचारिकाबाई बाटलीवर वेळ लिहून ठेवतात, ती यासाठी.

[आकृती ४: चार बाटल्यांची झाकणे. पहिल्या दोहोंवर चौकोन फिका: चालेल. पुढच्या दोहोंवर वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद: चालणार नाही.]

पुसलेली पाटी

शेवटी एक शंका राहते. कोणी म्हणेल, “फॅरोच्या आजोबांना खऱ्या गोवरानेच शिकवले ना? मग लस कशाला? एकदा गोवर होऊन जाऊ द्यावा!”

याचे उत्तर २०१९ साली अधिक स्पष्ट झाले. शास्त्रज्ञांनी नेदरलँड्समधल्या, लस न घेतलेल्या ७७ मुलांचे गोवर होण्यापूर्वीचे आणि झाल्यानंतरचे रक्त तपासले. त्यांना असे आढळले, की इतर निरनिराळ्या रोगांविरुद्ध त्या मुलांजवळ जी प्रतिपिंडे जमली होती, त्यांतली काहींची ११ टक्के, तर काहींची ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती! कारण खरा गोवर शिरतो तोच मुळी त्या आठवण ठेवणाऱ्या मावळ्यांत, आणि त्यांनाच मारून टाकतो. म्हणजे गोवर स्वतःचा एक धडा शिकवतो, आणि त्याची फी म्हणून पाटीवरचे बाकीचे धडे पुसून नेतो. ते धडे मुलाला पुन्हा आजारी पडून गिरवावे लागतात. लसीतल्या दुबळ्या विषाणूने मात्र पाटी पुसल्याचे आढळले नाही.

आता ते कार्ड पुन्हा हातात घ्या. दोन्ही नोंदी आहेत ना? असतील, तर तुमच्या काखेतल्या गाठीत आणि हाडांच्या मगजात एक छोटी शिबंदी आज या घटकेलाही पहारा देत आहे असे समजायला हरकत नाही. एखादी नोंद नसेल, तर दिवाळी संपताच आईबाबांना घेऊन दवाखान्यात जा. राहिलेली मात्रा मोठेपणीही घेता येते. आणि घरात तान्हे भावंड असेल, तर त्याच्या कार्डावरची पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवण्याचे काम तुमचे. किल्लेदाराला तेवढे तरी आलेच पाहिजे!